फायनल इयरचा शेती-ड्रोन: स्वप्न दहा लिटरचं, टाकी २०० मिलीची

दरवर्षी प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की एखादा तरी ग्रुप फवारणीचा ड्रोन घेतो, आणि पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये दहा लिटरच्या टाकीचं चित्र असतंच. आमच्याही होतं. शेवटी आमचा ड्रोन उडाला तो २०० मिली पाणी घेऊन, आणि गंमत म्हणजे व्हायव्हाला सगळ्यात जास्त वेळ चर्चा त्या २०० मिलीवरच झाली, कारण तो आकडा आम्ही हिशोब करून काढला होता. तर एका सेमिस्टरमध्ये, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांत आणि चार जणांच्या खिशातल्या पैशात हे कसं बसवायचं ते लिहितोय. ड्रोनला आधी कधी हात लावलेला नाही असं धरूनच लिहितोय.

पहिला आठवडा: काय करायचं नाही ते ठरवा

दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो. ते उचलणाऱ्या ड्रोनचं स्वतःचं वजन बॅटरीसकट आणखी तेवढंच किंवा जास्तच भरतं, म्हणजे वीस किलोच्या पुढची वस्तू हवेत जाते. तेवढ्या मोटर आणि बॅटऱ्या तुमच्या बजेटमध्ये बसणार नाहीत हे एक, आणि दुसरं म्हणजे ती वस्तू तुमच्याकडून पहिल्यांदा पडणार आहे. पडतेच. दीड-दोन किलोचा ड्रोन पडला की प्रोपेलर आणि एखादा आर्म जातो, वीस किलोचा पडला तर काय जाईल याचा विचार करा.

म्हणून टाकी लहान करायची, पण फवारणीचं प्रमाण खरं ठेवायचं. ड्रोनने फवारताना हेक्टरी साधारण १० ते २० लिटर द्रावण पडतं. तुम्ही हेक्टरभर जाऊच नका, १०० चौरस मीटरचा पट्टा घ्या. त्या पट्ट्यावर हेक्टरी १७-१८ लिटरच्या दराने फवारायचं तर पावणेदोनशे मिली पाणी पुरतं. म्हणजे छोट्या ड्रोननेही खऱ्या दराची फवारणी दाखवता येते, आणि मोजता येते. प्रोजेक्टचं शीर्षकही तसंच द्या, "फवारणीच्या दराचं नियंत्रण आणि मोजमाप" असं काहीतरी, नुसतं "शेतीसाठी ड्रोन" लिहिलंत तर परीक्षक विचारणार की एका एकराला किती वेळ लागतो आणि मग तुम्ही अडकलात.

याच आठवड्यात गाईडकडून उडवायची जागा आणि परवानगी लेखी घेऊन टाका. बऱ्याच देशांत २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला नोंदणी लागते, आणि फवारणीचे नियम वेगळे असतात, ते तुमच्याकडे काय आहेत ते आत्ताच बघा, बाराव्या आठवड्यात नको. आणि टाकीत फक्त पाणी. औषध घालून दाखवायचा मोह कुणालातरी होतोच, पण गळणारा पाइप, उघडे हात आणि शिकाऊ पायलट यांच्यात कीटकनाशक नकोच.

दुसरा आठवडा: एकच मोटर विकत घ्या

इथे बहुतेक ग्रुप चुकतात, सगळं सामान एकदम मागवतात. त्याऐवजी एक मोटर, एक ईएससी म्हणजे मोटरचा वेग ठरवणारा छोटा बोर्ड, दोन प्रोपेलर, एक बॅटरी आणि चार्जर एवढंच आणा आणि थ्रस्ट, म्हणजे मोटर-प्रोपेलरची वर ओढायची ताकद, मोजा.

आम्ही घेतलं होतं ते असं: ४५० मिमीची चार हातांची फ्रेम डोळ्यासमोर ठेवून २२१२ साइजची ९२० केव्हीची मोटर, इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नाही तर लोड नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे ते, दहा इंची प्रोपेलर, आणि चार सेलची ५००० एमएएचची लिपो बॅटरी. मोजायला वेगळा स्टँड लागत नाही. दोन-अडीच किलोचा जड लाकडी ठोकळा घ्या, फूटभर उंच असलेला बरा म्हणजे हवेचा झोत काट्यावर आपटत नाही, त्यावर मोटर घट्ट स्क्रूने बसवा आणि ठोकळा वजनकाट्यावर ठेवा. मोटर वर ओढायला लागली की काट्यावरचं वजन जेवढं कमी होईल तेवढा थ्रस्ट. प्रोपेलरच्या पातळीत कुणी उभं राहायचं नाही, ठोकळा खाली क्लॅम्पने अडकवायचा पण काट्याला ताण न देता, आणि थ्रॉटल लांबून द्यायचा.

दुकानाच्या पानावर ११०० ग्रॅम लिहिलं होतं, आमच्या काट्यावर ९०० आले. हा फरक नेहमीचाच आहे, म्हणूनच मोजायचं. चार मोटरचे झाले ३६०० ग्रॅम. नियम असा की ड्रोनचं भरलेलं वजन एकूण थ्रस्टच्या निम्म्याच्या आसपास असावं, म्हणजे हवेत स्थिर उभं राहायला अर्धी ताकद आणि सावरायला अर्धी. आमची मर्यादा आली १८०० ग्रॅम.

आता वहीत वजनाचा तक्ता मांडा. आमचा असा होता: फ्रेम २८०, चार मोटर २२०, चार ईएससी १००, प्रोपेलर ५०, ड्रोनचा मेंदू म्हणजे फ्लाइट कंट्रोलर, जीपीएस आणि रिसीव्हर मिळून १७०, उंच पाय आणि वायरिंग १५०, बॅटरी ५००. बेरीज १४७०. अजून पंपाचा पत्ता नाही आणि ३३० ग्रॅमच उरले! पंप, रिकामी टाकी, पाइप, नोझल मिळून १७० धरले, राहिले १६०. आम्ही ओढूनताणून २०० मिली पाणी घेतलं, एकूण १८४०, थ्रस्ट भागिले वजन हे गुणोत्तर १.९६. पाणी संपत जातं तसं ते सुधारतंच, म्हणून चालून गेलं. पण ३०० मिली घेतलं नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

त्याच ठोकळ्यावर अजून एक आकडा काढा: ४६० ग्रॅम थ्रस्टला, म्हणजे १८४० भागिले चार, एक मोटर किती करंट घेते. आमची ४.८ अँपिअर घेत होती, चारांचे १९.२. बॅटरीतले ८० टक्केच वापरायचे म्हणजे ४ अँपिअर-तास, भागाकार केला की साडेबारा मिनिटं. प्रत्यक्षात दहा धरा. फवारणी एका मिनिटाची आहे, त्यामुळे भरपूर झाली, मोठी बॅटरी घ्यायचा विचारही करू नका, ती स्वतःचंच वजन उचलण्यात संपते.

पैसे कुठे जातात

रुपये-डॉलरमध्ये न सांगता शंभर भाग धरून सांगतो, कारण भाव रोज बदलतात पण वाटणी फारशी बदलत नाही. फ्लाइट कंट्रोलर, जीपीएस आणि पॉवर मॉड्यूल यांना २५ भाग जातात. मोटर आणि ईएससी पाच-पाच, म्हणजे एकेक जादा, त्यांना २०. बॅटरी आणि बॅलन्स चार्जरला १५. रिमोट आणि रिसीव्हरला १२. फ्रेम आणि प्रोपेलरचे चार सेट ८, पंप-नोझल-टाकी ६, वायर-कनेक्टर-टेप-झिपटाय ४, आणि १० भाग हात न लावता ठेवायचे, ते पहिल्या अपघाताचे.

काटकसर करायची तर रिमोट आणि चार्जर सीनियर्सकडून किंवा कॉलेजच्या क्लबकडून उसने घ्या, तेवढ्यात दुसरी बॅटरी येते आणि टेस्टिंगच्या दिवशी तासभर चार्जिंगची वाट बघत बसावं लागत नाही. फ्लाइट कंट्रोलर मात्र फार स्वस्तातला बघू नका. कॅमेरा घेऊच नका, या प्रोजेक्टमध्ये त्याचं काही काम नाही, नुसता तक्त्यातली ग्रॅम खातो.

तिसरा ते सातवा आठवडा: दोघांनी ड्रोन, दोघांनी पंप

उरलेलं सामान तिसऱ्या आठवड्यात मागवा आणि ग्रुप दोन भागात वाटा, म्हणजे पार्सल उशिरा आलं तरी कुणी रिकामं बसत नाही.

ड्रोनवाल्यांनी फ्लाइट कंट्रोलर म्हणून पिक्सहॉक प्रकारचा बोर्ड आणि त्यावर ArduPilot हे ड्रोन उडवणारं फर्मवेअर वापरावं असं माझं मत, कारण फवारणीचं फीचर त्यात आधीपासून आहे, ते स्वतः लिहीत बसायचं कारण नाही. जोडणी करताना जीपीएस, ज्यात कंपासही असतो, तो उंच दांडीवर ठेवा, बॅटरीच्या जाड वायरांपासून जेवढा लांब तेवढा चांगला. आम्ही सुरुवातीला वरच्या प्लेटवरच चिकटवला होता आणि ड्रोन एका जागी थांबायच्या ऐवजी गोल गोल वाढती चक्कर मारायला लागला, आम्हाला वाटलं जीपीएसच खराब आहे म्हणून तो बदलायला निघालो होतो. ती चक्कर कंपास बिघडल्याची खूण आहे, वायरांतल्या करंटमुळे तो भरकटतो.

पहिल्या उड्डाणाआधी प्रोपेलर काढून Mission Planner मधली, म्हणजे ArduPilot च्या सेटिंगसाठीच्या लॅपटॉपवरच्या प्रोग्राममधली, मोटर टेस्ट करा. चार हातांच्या एक्स रचनेत १ नंबरची मोटर पुढे उजवीकडे, २ मागे डावीकडे, या दोन्ही घड्याळाच्या उलट फिरतात, ३ पुढे डावीकडे आणि ४ मागे उजवीकडे, या सुलट. एक जरी चुकली तरी ड्रोन जमीन सोडताच उलटा होतो, आणि ते इतक्या पटकन होतं की रिमोटवर काहीच करता येत नाही. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरांची अदलाबदल करा, झालं.

सातव्या आठवड्यात, टाकी न लावता, वारा नसताना पाच मिनिटं हवेत उभा करा आणि मग बोर्डने उड्डाणाची नोंद केलेली फाइल, म्हणजे लॉग, उघडून दोन गोष्टी बघा. VIBE चे, म्हणजे कंपनाचे, आकडे ३० च्या खाली हवेत, जास्त असतील तर प्रोपेलर बॅलन्स नाही किंवा कुठला तरी स्क्रू सैल आहे. आणि MOT_THST_HOVER, म्हणजे हवेत स्थिर राहायला पूर्ण ताकदीचा किती भाग लागतो तो आकडा, अर्ध्याच्या बराच खाली हवा. रिकाम्या ड्रोनलाच तो ०.५ च्या जवळ गेला असेल तर तुमचा वजनाचा तक्ता कुठेतरी खोटा आहे, परत काट्यावर जा. मिड-रिव्ह्यूला हाच लॉग दाखवा, व्हिडिओपेक्षा जास्त मार्क मिळतात असा अनुभव आहे.

पंपवाल्यांचं काम टेबलवर चालतं. १२ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप आणि सपाट फवारा देणारं ०१ नंबरचं केशरी नोझल. हे नोझल ३ बार दाबाला मिनिटाला ४०० मिली सोडतं, पण छोटा पंप एवढा दाब देत नाही, १ बारच्या आसपास राहतो, आणि प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होतो म्हणजे साधारण २३० मिली. आमच्या मोजपात्रात ६० सेकंदात २१० आले. तीन वेळा मोजा आणि सरासरी घ्या. दाब कमी असल्यामुळे फवाऱ्याचा पंखाही कमी उघडतो, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा त्रास आहे.

टाकीच्या झाकणाला बारीक भोक पाडा. हसू नका, आमचे दोन दिवस यात गेले, सुरुवातीला प्रवाह बरोबर यायचा आणि वीस सेकंदांनी कमी व्हायचा, पंप बदलला, पाइप बदलला, शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की बाटली आत दबली जातेय. हवा आत यायला जागाच नव्हती. टाकीत स्पंजचे तुकडेही टाका, नाहीतर ड्रोन थांबला की पाणी पुढे-मागे आदळतं आणि ड्रोन डुलत राहतो. पंप बंद केल्यावर नोझल टपटप गळत असेल तर नोझलच्या आधी छोटा चेक व्हॉल्व्ह बसवा.

आणि वायरिंगमधली एक चूक जवळजवळ सगळे करतात, पंप चालवायला साधा रिले किंवा मॉसफेट बोर्ड थेट फ्लाइट कंट्रोलरच्या सर्वो पिनला जोडतात. त्या पिनमधून येतो सर्वोचा सिग्नल, १००० ते २००० मायक्रोसेकंदाचा पल्स, तो त्या बोर्डाला नीट कळत नाही. मध्ये ब्रश्ड मोटरसाठीचा ईएससी लागतो. आणि चार सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्ट असते, तेव्हा १२ व्होल्टच्या पंपाला मध्ये स्टेप-डाउन हवाच.

आठवा ते दहावा आठवडा: पाण्याशिवाय पाणी उचलणं

पंप लगेच लावू नका. आधी तेवढ्याच वजनाची बंद बाटली ड्रोनच्या मधोमध खाली बांधा आणि उडवा. मध्यभागापासून ती दोन-तीन सेंटीमीटर जरी सरकली तरी एका बाजूच्या मोटर जास्त राबतात, लॉगमध्ये चार मोटरचे आउटपुट शेजारी ठेवून बघितले की लगेच दिसतं. मग ऑटो मिशन: २० मीटर लांबीचे सरळ पट्टे, जाऊन परत यायचं. उंची दोन मीटर. बॅरोमीटरवर एवढ्या कमी उंचीवर फार भरवसा ठेवता येत नाही, ड्रोन अर्धा मीटर खालीवर होतो, त्यामुळे पायलटने रिमोट हातात घेऊनच उभं राहायचं. दहा राखीव भागांतले थोडे या वेळेपर्यंत उरले असतील तर खाली बघणारा अंतर मोजणारा सेन्सर घ्या, त्याने पुढचं काम खूप सोपं होतं. बॅटरीचा फेलसेफ, म्हणजे बॅटरी उतरली की ड्रोनने आपोआप खाली किंवा परत यायची सोय, चार सेलला १४ व्होल्टवर लावा.

अकरावा ते तेरावा आठवडा: फवारणी आणि मोजमाप

हा प्रोजेक्टचा खरा भाग. फवारणीचे पॅरामीटर एवढेच:

```
SPRAY_ENABLE     1
SERVO9_FUNCTION  22
RC7_OPTION       15
SPRAY_SPEED_MIN  100
SPRAY_PUMP_RATE  50
```

२२ म्हणजे त्या आउटपुटवर पंप, १५ म्हणजे रिमोटच्या सातव्या चॅनेलच्या स्विचवर फवारणी चालू-बंद. SPRAY_SPEED_MIN सेंटीमीटर प्रति सेकंदात आहे, ड्रोन वळताना वेग त्याखाली गेला की पंप आपोआप थांबतो, म्हणजे टोकाला डबकं होत नाही. SPRAY_PUMP_RATE म्हणजे १ मीटर प्रति सेकंद वेगाला पंप किती टक्के चालवायचा, ५० दिलं की २ मीटर वेगाला पूर्ण १००. लिस्टमध्ये SPRAY_ENABLE दिसतच नसेल तर घाबरू नका, कमी मेमरीच्या बोर्डांच्या फर्मवेअरमधून हे फीचर काढलेलं असतं, ArduPilot च्या कस्टम बिल्ड साइटवर ते टिक करून फर्मवेअर बनवून घ्या.

दर काढायचं सूत्र:

```
rate = 166.7 * q / (v * w)
```

q प्रवाह लिटर प्रति मिनिट, v वेग मीटर प्रति सेकंद, w फवाऱ्याचा पट्टा किती रुंद ते मीटरमध्ये, उत्तर हेक्टरी लिटरमध्ये. आम्ही पट्टा १ मीटर धरला, वेग २, प्रवाह ०.२१, उत्तर १७.५. कागदावर मस्त.

मग खरं बघायला जमिनीवर ड्रोनच्या वाटेला आडवे अकरा पांढरे कागद २०-२० सेंटीमीटरवर मांडले, पाण्यात खाण्याचा रंग घातला आणि वरून नेला. पिवळा वॉटर-सेन्सिटिव्ह कागद मिळाला तर आणखी चांगलं, थेंब पडला की तो निळा होतो. प्रत्येक कागदावर ठराविक चौकोनातले ठिपके मोजा, सगळ्यात जास्त जिथे आहेत त्याच्या निम्म्यापर्यंत जेवढे कागद येतात तेवढी खरी रुंदी. आमची आली ८० सेंटीमीटर, एक मीटर नाही. कारण तेच, कमी दाबाला पंखा कमी उघडला, आणि वरून मोटरची हवा त्याला खाली दाबत होती. सूत्रात ०.८ टाकलं तर दर झाला २१.९, म्हणजे आम्ही ठरवलेल्यापेक्षा पाव पट जास्त फवारत होतो.

उपाय दोन होते, प्रवाह कमी करणं किंवा वेग वाढवणं. प्रवाह कमी केला तर दाब अजून पडतो आणि थेंब मोठे होतात, म्हणून वेग २.५ केला, म्हणजे मिशनमधला वेग ठरवणारा WPNAV_SPEED सेंटीमीटर प्रति सेकंदात २५० आणि SPRAY_PUMP_RATE ४०. परत १७.५. पण पुन्हा कागद मांडून तपासलं, कारण वेग बदलला की पट्टाही थोडा बदलतो. पट्ट्यांमधलं अंतरही मिशनमध्ये १ मीटरवरून ८० सेंटीमीटर केलं, नाहीतर मध्ये कोरड्या रेघा राहतात. साध्या जीपीएसची चूक मीटर-दोन मीटरची असते, त्यामुळे शेजारचे पट्टे नेमके जुळणार नाहीत, आमचेही जुळले नाहीत, ते रिपोर्टमध्ये मर्यादा म्हणून स्पष्ट लिहा, परीक्षक हा प्रश्न विचारतातच.

सगळ्या मोजण्या सकाळी लवकर, वारा सेकंदाला ३ मीटरच्या खाली असताना करा, आणि प्रत्येक फेरीला वारा लिहून ठेवा. आमच्या एका दिवसाचे सगळे कागद एकाच बाजूला रंगलेले निघाले आणि वारा किती होता ते कुणीच लिहिलं नव्हतं, तो पूर्ण दिवस फेकून द्यावा लागला.

उरलेले आठवडे

चौदावा रिकामा ठेवा, तो आपोआप भरतो. पंधरा-सोळामध्ये रिपोर्ट. त्यात वजनाचा अंदाज आणि प्रत्यक्ष वजन शेजारी, थ्रस्टचा तक्ता, ठिपक्यांचा आलेख, आणि दराचा आधीचा-नंतरचा हिशोब एवढं आलं की पानं भरतात. डेमोच्या दिवशी बॅटरी आदल्या रात्री चार्ज करून लिपो बॅगमध्ये, प्रोपेलरचा जादा सेट आणि पाना खिशात, आणि टाकी मैदानावर गेल्यावरच भरा, आमची बाईकवर नेताना रंगाचं पाणी सांडून एकाचा प्रेझेंटेशनचा शर्ट गुलाबी झाला होता.